सात महिने आणि एकच चित्रपट: ‘माय नेबर तोतोरो’चा अनुभव

गेल्या रविवारी चित्रपट संपल्यावर माझी तीन वर्षांची मुलगी रडू लागली आणि “मेची आई घरी का नाही आली?” एवढेच पुन्हापुन्हा विचारत राहिली. गेल्या सात महिन्यांत ‘माय नेबर तोतोरो’ आमच्या घरी साठेक वेळा तरी लागला आहे आणि मेची आई शेवटी घरी येते हे तिला पाठ आहे. त्या दिवशी मात्र ती आली नाही. टीव्हीवरचे अ‍ॅप नुकतेच अद्ययावत झाले होते आणि श्रेयनामावली सुरू होताच त्याने चित्र कोपऱ्यात आक्रसून पुढच्या कार्यक्रमाची झलक सुरू केली होती.

हायाओ मियाझाकी यांचा हा १९८८चा जपानी अ‍ॅनिमेशनपट अनेकांना ठाऊक आहे, त्यामुळे कथा थोडक्यात: आई रुग्णालयात असताना छोटी मे आणि तिची मोठी बहीण गावातल्या नव्या घरी राहायला येतात आणि जंगलातल्या तोतोरो नावाच्या प्रचंड प्राण्याशी त्यांची मैत्री होते. एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण मुलीसाठी हा चित्रपट निवडताना ती माझ्याही लक्षात आली नव्हती. मुख्य कथा संपते तेव्हा आई रुग्णालयातच असते. मुली बाहेरच्या झाडावरून तिला पाहतात आणि खिडकीत मक्याचे कणीस ठेवून परततात. ती घरी आल्याचे आणि अंथरुणात मुलींना गोष्ट वाचून दाखवत असल्याचे केवळ श्रेयनामावलीच्या चित्रांमध्ये दिसते. मोठ्या माणसाला तेवढ्या कणसावरून सुखान्त कळतो. तीन वर्षांच्या मुलीसाठी आई दारात उभी दिसली, तरच ती घरी आली.

चित्रपट निवडला तेव्हा माझा सगळा भर गतीवर होता. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात चार वर्षांच्या साठ मुलांपैकी काहींना नऊ मिनिटे वेगवान कार्टून दाखवले होते. त्यात सरासरी दर ११ सेकंदांनी संपूर्ण दृश्य बदलत होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या संथ कार्यक्रमात ३४ सेकंदांनी. वेगवान कार्टून पाहिलेल्या मुलांना लगेच नंतर दिलेली, संयम आणि लक्ष लागणारी कामे कमी जमली. हा परिणाम तेव्हापुरताच मोजलेला होता. तो किती काळ टिकतो, हे त्या प्रयोगावरून ठरवता येत नाही.

ते वाचून मी प्रत्येक चित्रपटाच्या मधली दोन मिनिटे आवाज बंद करून पाहू लागले आणि चित्र तुटले की कागदावर एक रेघ ओढू लागले. ही पद्धत चुकीची होती, हे कळायला दोन महिने गेले. एकाच खोलीत कॅमेरा आधी आईच्या चेहऱ्यावर आणि मग मुलीच्या चेहऱ्यावर गेला, तर लहान मूल गोंधळत नाही. घरातून एकदम समुद्रात आणि तिथून आकाशात उडी पडली, की त्याला प्रत्येक वेळी नव्याने उभे राहावे लागते. म्हणून आता मी फक्त जागा किती वेळा बदलली तेवढे मोजते. ‘तोतोरो’मधला बसथांब्याचा प्रसंग या कसोटीवर पाहावा. पाऊस, अंधार, छत्री घेतलेल्या दोन मुली आणि शेजारी येऊन उभा राहिलेला तो प्रचंड प्राणी. कितीतरी वेळ आपण त्या एका थांब्यावरच असतो. छत्रीवर झाडाचे थेंब पडतात, तोतोरोला तो आवाज आवडतो आणि आणखी थेंब पडावेत म्हणून तो उंच उडी मारतो. त्या उडीच्या आधीच्या शांततेत माझी मुलगी श्वास रोखून बसते. त्यानंतरच्या पावसाळ्यात ती आमच्या सोसायटीतल्या आंब्याखाली छत्री उघडून उभी राहायची आणि मला फांदी हलवायला सांगायची.

भीतीच्या बाबतीत माझा अंदाज दोनदा चुकला. अडीच वर्षांची असताना तिला मांजराच्या रूपातल्या बसचे, म्हणजे मांजरबसचे, अंधारात पेटणारे पिवळे डोळे सोसवत नव्हते. ती बस आली की ती माझ्या कुशीत तोंड लपवायची. हरवलेल्या मेला शोधताना तळ्यात एक चप्पल सापडते, हे मात्र ती बिस्किट खात शांतपणे पाहत असे. आता नेमके उलटे झाले आहे. मांजरबस तिची लाडकी आहे आणि तळ्याजवळची माणसे दिसताच ती “पुढे कर” म्हणते. अगदी लहान मुले दिसणाऱ्या रूपाला घाबरतात आणि काय घडू शकते याचे भय समज वाढल्यावर येते, असे मुलांच्या भीतीवरील अभ्यासही सांगतात. एकदा पास झालेला चित्रपट सहा महिन्यांनी पुन्हा तपासावा लागतो, तो यासाठी. ‘फाइंडिंग नेमो’ मी याच विचाराने बाजूला ठेवला आहे. त्यात शीर्षक झळकण्यापूर्वीच नेमो या माशाची आई आणि जवळजवळ सगळी अंडी नाहीशी होतात. आज तिला ते कळणार नाही, पण पुढच्या वर्षी नक्कीच कळेल.

पुनःपुन्हा पाहण्याच्या कसोटीत माझ्या सासूबाईंचे मत निर्णायक ठरले. त्या स्वयंपाकघरात असतात, त्यांना पडदा दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो. किंचाळणारी पात्रे असलेले दोन चित्रपट त्यांनी तिसऱ्या दिवशी बंद करायला लावले. ‘तोतोरो’बद्दल त्यांची कधीच तक्रार आली नाही, कारण त्यात पाणी, बेडूक आणि वारा यांचेच आवाज बराच वेळ असतात. शिवाय संवाद कमी असल्याने त्या स्वतः शेजारी बसून मराठीत गोष्ट सांगू शकतात. आवर्तनांमुळे मूल कंटाळते, हा माझा समज या महिन्यांत गेला. मेला बूड नसलेली बादली सापडते आणि ती त्यातून पाहते, हे माझ्या मुलीच्या लक्षात आले ते साधारण विसाव्या वेळी. त्या संध्याकाळी ती कागदी नळी डोळ्याला लावून घरभर जमिनीवर काहीतरी शोधत फिरली. चित्रपट ८६ मिनिटांचा आहे आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला एका तासाची मर्यादा सांगितली आहे. त्यामुळे आम्ही तो तीन भागांत पाहतो. पहिला भाग मे पहिल्यांदा तोतोरोच्या पोटावर झोपते तिथे थांबतो, दुसरा बसथांब्यानंतर.

तिसऱ्या भागाचा शेवट अ‍ॅप कापते, हे मी कंपनीला तीन वेळा लिहिले. प्रोफाइलमधील ‘ऑटोप्ले’ बंद करा, असे उत्तर आले. मुलांच्या प्रोफाइलमध्ये ते वेगळे बंद करावे लागते आणि टीव्हीवर लॉगआउट करून पुन्हा लॉगइन केल्याशिवाय लागू होत नाही, हे मला स्वतः शोधावे लागले. एवढे करूनही चित्र आक्रसतेच. काही सेकंदांत रिमोटने श्रेयनामावली निवडली, तरच ते पूर्ण पडद्यावर येते. वर्षाची वर्गणी आगाऊ भरून जो चित्रपट पाहायचा, त्याचा शेवट मिळवण्यासाठी ग्राहकाने बटणावर बोट ठेवून बसावे, हे मला मान्य नाही. श्रेयनामावली हा या चित्रपटाचा भाग आहे. चित्रपटाला माझे पूर्ण गुण आहेत, अ‍ॅपला पाचपैकी दोन.

सोमवारी संध्याकाळी मी तिला केवळ शेवटची पाच मिनिटे लावून दिली आणि रिमोट हातात धरून बसले. आई गाडीतून उतरली. मुलगी म्हणाली, “आली,” आणि उठून खेळायला गेली.