आधी झालेलं काम की आधी हवा असलेला निर्णय?

संशोधनाच्या मार्गदर्शकांना प्रगतीचा मेल दोन तऱ्हांनी लिहिता येतो. पहिली सरधोपट: झालेलं काम, मग अडचणी, शेवटी प्रश्न. नोंद म्हणून ही बरी. पुढे प्रगती अहवाल भरताना यातूनच मजकूर उचलता येतो. पण शेवटचा प्रश्न बहुधा ‘सर, पुढे काय करू?’ असा मोघम असतो, आणि उत्तर येतं, ‘भेटून बोलू.’

दुसरीत निर्णय सुरुवातीलाच. समजा, पूर्वचाचणीत प्रश्नावलीच्या एका उपश्रेणीचा क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे तिच्यातली विधानं एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे सांगणारा आकडा, ०.५८ आला, साधारण ०.७० तरी हवा असतो. तर लिहावं: ‘मॅडम, चौथं विधान नकारार्थी आहे. त्याचे गुण उलटवले, तरी अल्फा इतकाच. ते वगळलं तर ०.७१ होतो, पण तीनच विधानं उरतात आणि आशयाची एक बाजू सुटते. शब्दरचना बदलली तर पुन्हा पूर्वचाचणी, म्हणजे ३ आठवडे. माझा कल शब्दरचना बदलण्याकडे आहे. शुक्रवारपर्यंत कळवाल का?’ झालेलं काम खाली दोन ओळींत.

मला दुसरी पटते, कारण नुसत्या ‘हो’वर काम पुढे सरकतं. मात्र संशोधनाचा प्रश्नच बदलायची वेळ आली असेल, तर मेलमध्ये पर्याय मांडून भागत नाही. तिथे सरळ भेटीची वेळ मागावी.