तुटकं वाक्य की लांबलेलं वाक्य?

इंदूरच्या सराफ्यावर, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारावर, चार ओळींची पोस्ट लिहायची आहे, असं धरू.

लांबलेलं वाक्य असं होतं: ‘रात्री सराफ्यात गेलो, गर्दी फार होती, गाडी राजवाड्याजवळ लावली होती, नंतर ती दिसेना, भुट्ट्याचा कीस मात्र छान होता.’ इथे दोष लांबीचा नाही. पाच स्वतंत्र वाक्यं नुसत्या स्वल्पविरामांनी बांधली आहेत, त्यामुळे कशाचा कशाशी संबंध ते कळत नाही. ‘ती’ म्हणजे गाडी की गर्दी? दोन्ही स्त्रीलिंगी. उपाय सोपा: क्रियापदं मोजा आणि जिथे विषय बदलतो तिथे पूर्णविराम द्या. ‘रात्री सराफ्यात गेलो. गर्दी फार होती, म्हणून गाडी राजवाड्याजवळ लावली. परतताना गाडी दिसेना. भुट्ट्याचा कीस मात्र छान होता.’

तुटक्या वाक्याचं गणित वेगळं आहे. ‘गर्दी फार असल्यामुळे.’ हे चुकलं, कारण ‘-मुळे’, ‘-ल्यावर’, ‘जर’ पुढच्या वाक्याची वाट पाहायला लावतात. पण ‘रात्रीचे दहा. सराफा. गरम कीस.’ हे चालतं. मराठीत ‘आहे’ सहज गाळता येतं, आणि ही नुसती नामं चित्र उभं करतात. ‘कुठे भेटायचं?’ या प्रश्नाला ‘राजवाड्यासमोर.’ एवढं उत्तरही पुरेसं, कारण क्रियापद प्रश्नातच आहे.

सूचनेत मात्र जपावं. ‘रविवारी भिशी.’ ठीक, पण ठरलेली भिशी पुढे ढकलली असेल, तर ती बातमी क्रियापदातच असते. तिथे ‘रविवारची भिशी पुढे ढकलली आहे’ असं पूर्णच लिहावं.