पॅलेटच्या फळ्यांची चपलांची मांडणी: उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

एप्रिलमध्ये बनवलेली चपलांची मांडणी दिवाळीपर्यंत आमच्या दाराबाहेर रोज वापरात आहे. इमारत धनकवडीतली, मजला तिसरा, जिन्याला जाळी. पावसाची तिरकी सर आली की मांडणी निम्मी भिजते. घरात पाच माणसं आणि त्यांच्या ओल्या चपला, म्हणजे तिची परीक्षा घरातल्या फर्निचरपेक्षा कडक झाली. लाकूड भंगारातलं होतं. हत्यारं म्हणाल तर हातकरवत, एक पटाशी, हातोडी, गुण्या, हाताने फिरवायचं ड्रिल आणि दोन सी-क्लॅम्प. विजेवर चालणारं काहीही नाही. काय टिकलं, काय हललं आणि काय बदलावं लागलं, ते लिहितो.

आधी लाकडाबद्दल. भोसरी-चाकणकडून पॅकिंगचं लाकूड पुण्यात भरपूर येतं आणि भंगारवाल्याकडे अख्खं पॅलेट दीड-दोनशेत मिळून जातं. निर्यातीच्या पॅलेटवर शिक्का असतो: गव्हाच्या लोंबीसारखी खूण, देशाची अक्षरं आणि प्रक्रियेची दोन अक्षरं. HT असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर निदान ३० मिनिटं तापवलेलं असतं, ते घ्यावं. MB म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते घरात नको. देशातल्या देशात फिरणाऱ्या पॅलेटवर बहुधा शिक्काच नसतो. अशा वेळी तेलाचे डाग आणि रसायनाचा वास बघायचा, शंका आली तर सोडून द्यायचं. HT असलं तरी पुढे कीड लागणारच नाही, असं मात्र समजू नका. फळी जमिनीवर आपटली आणि बारीक छिद्रांतून पिठासारखी पूड पडली, तर आत भुंगा आहे. अशी फळी घरात आणायचीच नाही.

पॅलेट सोडवणं हे सगळ्यांत कष्टाचं काम, आणि फळ्या वाया जातात त्या इथेच. त्याचे खिळे पीळ दिलेले किंवा कंगोरेदार असतात. पहारीने उचकटलं की खिळा जागेवर राहतो आणि फळीचं टोक फुटतं. म्हणून मी उचकटलंच नाही. पॅलेटखाली तीन जाड ठोकळ्या असतात. त्यांपैकी कडेच्या दोन ठोकळ्यांच्या आतल्या बाजूने सगळ्या फळ्या करवतीने कापल्या. टोकं गेली, पण फुटण्याचा प्रश्नच मिटला. मग उरले फक्त मधल्या ठोकळीचे खिळे. फळी आणि ठोकळीच्या फटीत पाचर मारायची, हॅकसॉचं नुसतं पातं एका टोकाला कापड गुंडाळून आत सरकवायचं आणि खिळाच कापायचा. फळीत राहिलेला तुकडा उलट्या बाजूने ठोकून काढता येतो. मीटरभर लांबीच्या फळीतून अशी ८० सेंटिमीटरच्या आसपास चांगली लांबी उरते. मांडणी ७५ सेंटिमीटर लांब का, याचं उत्तर एवढंच आहे. भंगारातल्या लाकडात माप आधी ठरवून चालत नाही, लाकूडच माप ठरवतं.

कापण्याआधी प्रत्येक फळीवरून जुन्या स्पीकरचा लोहचुंबक फिरवला. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात तो मिळतो. आत लपलेला एक खिळा करवतीचे दात एका फटक्यात घालवतो.

आता रचना. दोन्ही बाजूंना शिडीसारखी एकेक चौकट आहे. ६० सेंटिमीटर उंचीचे दोन पाय आणि त्यांना जोडणाऱ्या २८ सेंटिमीटरच्या तीन आडव्या पट्ट्या. पाय आणि पट्ट्या साडेचार सेंटिमीटर रुंद, म्हणजे नऊ सेंटिमीटरची फळी उभी चिरून दोन केलेल्या. हे उभं चिरणं हातकरवतीने घाम काढतं, दोन संध्याकाळी त्यातच जातात. खालच्या दोन थरांत दोन-दोन फळ्या आहेत, पायांच्या मधून जाणाऱ्या. वरच्या थराला तीन. खाली जोड्यांची पुढची टोकं थोडी बाहेर येतात, पण त्याने काही अडत नाही.

पाय आणि आडवी पट्टी जिथे एकमेकांना छेदतात तिथे अर्धी खाच केली. फळी १८ मिलिमीटर जाड, म्हणून दोन्ही तुकड्यांत नऊ-नऊ मिलिमीटर खोल. खाचेच्या कडा कटरने कापून घ्यायच्या, नुसती पेन्सिलची रेघ पुरत नाही. लाकडाचा रेषा आधीच तुटलेला असला की करवत बाहेरचा ढलपा उडवत नाही. मग रेघेच्या आत, टाकाऊ भागात, खोलीच्या खुणेपर्यंत पाच-सहा मिलिमीटरवर काप घ्यायचे आणि मधले तुकडे पटाशीने उडवायचे. पटाशी एका बाजूने मध्यापर्यंत चालवायची, मग तुकडा फिरवून दुसऱ्या बाजूने. एकाच दिशेने आरपार मारली की पलीकडची कड फुटते. सांधा हाताच्या दाबाने अर्धा बसावा आणि हातोडीच्या हलक्या ठोक्याने पूर्ण. नुसता घसरत आत गेला तर सैल आहे. जोरात मारावं लागत असेल तर पट्टी चिरेल. अशा बारा खाचा आहेत. एकीतही आजवर हालचाल नाही.

याचं महत्त्व कळलं ते वरच्या मजल्यावरच्या काकांच्या मांडणीमुळे. लाकूड तसंच, पण त्यांनी फळ्यांच्या टोकात सरळ खिळे ठोकले होते. सप्टेंबरमध्ये त्यांची मांडणी हाताने ढकलली की झुलायला लागली आणि खिळ्यांची डोकी वर आली. फळीच्या टोकात खिळा रेषेच्या दिशेने जातो, त्यामुळे त्याला धरून ठेवायला आडवे तंतू नसतात. त्यात लाकूड फुगून आकसलं की उरलीसुरली पकडही जाते. टोकाला चिकटणीही नीट धरत नाही, ती शोषली जाते. अर्ध्या खाचेत मात्र रुंद बाजू रुंद बाजूला चिकटते. चिकटणी पाणी सोसणारी घ्यावी. साधी पांढरी आतल्या कामाला ठीक, पण दाराबाहेर भरवशाची नाही.

फुगण्याचं म्हणाल, तर वरच्या तीन फळ्यांत मी पाच-पाच मिलिमीटरची फट ठेवली होती. पुण्याची मे महिन्यातली दुपार कोरडी ठणठणीत आणि ऑगस्ट ओलाचिंब. ऑगस्टमध्ये पट्टी लावून पाहिलं तर फट चारच्याही खाली आली होती. म्हणजे नऊ सेंटिमीटरची फळी रुंदीत एक ते दीड मिलिमीटर वाढली. लांबीत फरक दिसला नाही, तो नगण्यच असतो. उन्हाळ्यात फळ्या एकमेकींना चिकटवून बसवल्या असत्या, तर पावसाळ्यात त्यांनी एकमेकींना ढकलून मध्यावर उचललं असतं किंवा स्क्रू ओढले असते. फटीचा दुसरा फायदा म्हणजे माती आणि वाळू आपोआप खाली पडते. फळ्यांतली स्क्रूची छिद्रं स्क्रूपेक्षा किंचित मोठी ठेवली आहेत आणि खालच्या पट्टीतली बारीक. त्यामुळे फळीला हलायला जागा मिळते आणि पकड खालच्या लाकडात राहते. आधी छिद्र न पाडता पाइनच्या टोकाजवळ स्क्रू पिळला तर फळी चिरते. हातड्रिल इथे सुखाचं, आवाज नाही. दुपारी दीड वाजताही चालवलं, कोणाची बेल वाजली नाही.

बाजूच्या चौकटी पुढे-मागे पक्क्या असतात, पण मांडणी डावी-उजवीकडे कलंडू शकते, कारण चौकोन हा समांतरभुज व्हायला नेहमीच तयार असतो. त्याला औषध म्हणजे मागच्या बाजूने तिरकी पट्टी, एका वरच्या कोपऱ्यापासून समोरच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत. ती लावण्याआधी दोन्ही कर्ण मोजायचे. ७५ आणि ६० सेंटिमीटरच्या आयताचा कर्ण ९६ येतो. एक ९७ आणि दुसरा ९५ भरला तर मांडणी तिरकी आहे. लांब कर्णाचे कोपरे दाबून दोन्ही सारखे करायचे, क्लॅम्पने धरायचे आणि मगच पट्टी स्क्रूने बसवायची. या पट्टीसाठी एक फळी टोकं न कापता पूर्ण लांबीची सोडवून ठेवा. कापलेली पुरणार नाही. ही एक पट्टी नसती तर बाकीची सगळी मेहनत असूनही मांडणी डुगडुगली असती.

वापरात आल्यावर एक बदल करावा लागला. आमच्या आई बूट काढायला वरच्या थरावर बसायला लागल्या. ही मांडणी बसण्यासाठी नव्हती, पण आईंना ते कोण सांगणार! भार बहुतेक एकाच फळीवर यायचा आणि ती मध्यभागी सेंटिमीटरभर तरी दबायची. तिन्ही फळ्यांच्या खालून, बरोबर मध्यावर, एक आडवी पट्टी स्क्रूने जोडली. आता भार तिघींत वाटला जातो आणि झुकणं चार-पाच मिलिमीटरवर आलं. रोज बसणार असाल तर पुढच्या कडेखाली साडेचार सेंटिमीटरची पट्टी उभी लावा. फळीची उंची दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो, त्यामुळे उभी पट्टी आडवीपेक्षा फार वरचढ.

वरून जवसाचं डबल बॉइल्ड तेल दोनदा दिलं होतं. रंग सुंदर आला, हाताला छान लागतं, पण पावसाळ्याचा विचार करता गुण निम्मेच. ऑगस्टमध्ये सगळ्यांत खालच्या थराच्या पोटाला राखाडी-काळे ठिपके आले. ती बुरशी. वरचे थर स्वच्छ राहिले, कारण तिथे हवा खेळते. कोरड्या दिवशी ठिपके पॉलिश पेपरने घासून काढले आणि त्या थराला बाहेरच्या वापराचं व्हार्निश दिलं. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि फडकं आपोआप पेटू शकतं. पाण्यात भिजवून किंवा मोकळं पसरून वाळवून मगच फेका.

पायांच्या तळाशी पाणी टोकाच्या तंतूंतून वर चढतं आणि जिना रोज पुसला जातो. तळाला तेल मुरेपर्यंत लावलं आणि खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. तिथे कुठेही काळेपणा नाही.

याच उरलेल्या लाकडात किल्ल्यांची पट्टी आणि बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी जाळीदार पाट झाला. दोन्ही एका संध्याकाळची कामं आणि खरं तर सुरुवात त्यांनीच करावी. स्टूल मात्र पहिल्या वर्षी नको. तिरके पाय कोन मागतात आणि तिथे गुण्या उपयोगाचा नाही.

हत्यारांत पटाशीची धार सगळ्यांत महत्त्वाची ठरली. नवी पटाशी दुकानातून येते तशी खाच काढायच्या लायकीची नसते. धारेच्या दगडावर मागची बाजू आधी सपाट करून घ्यावी लागते. रविवार पेठेत बोहरी आळीत दगड आणि पटाशी दोन्ही मिळतात. करवत घेताना दातांची टोकं निळसर-काळी दिसली तर ते कडक केलेले दात असतात. जास्त दिवस धारदार राहतात, पण कानशीने परत धार लागत नाही. पॅलेटच्या लाकडात खिळ्याशी कधी ना कधी गाठ पडणारच, म्हणून मी साध्या दातांची घेतली. तिकोनी कानस स्वस्तात येते, आणि दिवाळीच्या आधी करवतीचे दात पुन्हा तिनेच लावले.