सगळ्या रकान्यांत 'आहे'

आमच्या मालवाहतुकीच्या कंपनीला गाड्यांसाठी नवी ट्रॅकिंग प्रणाली घ्यायची होती. प्रस्ताव मागवण्याचा कागद मीच तयार केला. 120 अपेक्षांचा तक्ता आणि प्रत्येकीपुढे पर्याय तीन: आहे, नाही, करून देऊ. 'आहे'ला पूर्ण गुण. पाच जणांचे प्रस्ताव आले आणि एकाने वरपासून खालपर्यंत 'आहे' लिहिलं होतं. तो पहिला आला यात नवल नव्हतं; गुणांची पद्धतच मी तशी ठेवली होती.

डेमोही झकास झाला. नकाशावर गाड्या धावत होत्या, दर दहा सेकंदांनी ठिपका पुढे. 'या आमच्या ग्राहकाच्या गाड्या, आत्ता रस्त्यावर आहेत,' असं त्यांनी सांगितलं. आम्ही माना डोलावल्या, करार केला आणि चाळीस टक्के आगाऊ रक्कम दिली.

आमच्या गाड्यांवर यंत्रं बसली आणि प्रवासाचे तुकडे गायब व्हायला लागले. मोबाइलची रेंज गेली की तेवढा रस्ता कोराच. चांगलं यंत्र अशा वेळी नोंदी स्वतःत साठवतं आणि रेंज आली की एकदम पाठवतं. यांच्या यंत्रात ती सोयच नव्हती. तक्त्यात मात्र त्या ओळीपुढे 'आहे' होतं.

मग मी डेमोचं रेकॉर्डिंग पुन्हा पाहिलं. एक गाडी गोदामापाशी वीस मिनिटं उभी होती आणि तिचा ठिपका तसूभरही हलला नव्हता. खऱ्या जीपीएसमध्ये उभ्या गाडीचा ठिपकाही दोन-चार मीटर इकडेतिकडे भटकतो. काही प्रणाली ते भटकणं मुद्दाम दाबतात, म्हणून तेवढ्यावर मी खोटं ठरवलं नाही. पण दुसरी गाडी लांबलचक बोगद्यातून तशाच दहा-दहा सेकंदांच्या ठेक्यात गेली, आणि तिथे तर उपग्रहच दिसत नाहीत. रस्त्याची रेघ घेऊन तिच्यावर ठिपके सरकवले होते, बस्स. विचारलं तर म्हणाले, 'डेमो म्हणजे प्रात्यक्षिकच ना!'

पैसे परत मागायला गेलो तेव्हा वकिलांनी करारातलं एक कलम दाखवलं: आधीचा सर्व पत्रव्यवहार या करारामुळे रद्द समजावा. म्हणजे तो तक्ताही गेला. तो परिशिष्ट म्हणून जोडायचं कुणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही.

आगाऊ रक्कम बुडाली. दुसऱ्यांदा कागद काढला तेव्हा त्या ओळीत 'आहे का' विचारलं नाही. 'रेंज नसताना किती तासांच्या नोंदी साठतात आणि त्या नंतर कोणत्या वेळेच्या दिसतात' असं विचारलं. शिवाय निवड यादीत येण्याआधी आमच्याच पाच गाड्यांवर पंधरा दिवस यंत्र चालवून कच्च्या नोंदी आमच्या हाती द्यायच्या, अशी अट घातली. अट वाचून दोघांनी प्रस्तावच पाठवला नाही.