संदेश कुठे तुटतो? ऑर्गनोफॉस्फेट, पायरेथ्रॉइड आणि निओनिकोटिनॉइड यांतून निवड करताना

फवारणी फसली की आपण औषध बदलतो. पण डेल्टामेथ्रिन सोडून लॅम्डा-सायहॅलोथ्रिन घेतलं, तर बदलते ती फक्त बाटली. दोन्ही पायरेथ्रॉइड आहेत, दोन्हींचा घाव किडीच्या शरीरात एकाच जागी बसतो, आणि त्या जागी किडीने बचाव शोधला असेल तर दुसरी बाटलीही बहुधा वाया जाते. म्हणून या तिन्ही गटांची तुलना मी नावं किंवा डोस यांवरून न करता, किडीच्या चेतासंस्थेत घाव नेमका कुठे पडतो यावरून करतो. निवड करताना तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

किडीच्या चेतातंतूतून संदेश दोन प्रकारे पुढे जातो. तंतूच्या लांबीभर तो विजेच्या रूपात धावतो. तंतूच्या आवरणात सोडियमसाठी बारीक दारं असतात. संदेश आला की ती उघडतात, सोडियम आत शिरतं, आणि मिलिसेकंदभरात दारं आपोआप बंद होतात. तंतू संपतो तिथे पुढच्या पेशीपर्यंत छोटी फट असते. ती ओलांडायला असिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि पलीकडच्या पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटतं, की पुढची पेशी पेटते. लगेच असिटिलकोलीनएस्टरेज हे एन्झाइम येऊन ते रसायन तोडून टाकतं, म्हणजे पुढच्या संदेशासाठी जागा मोकळी. दार, रिसेप्टर आणि साफसफाई करणारं एन्झाइम अशा या तीन जागा आहेत, आणि आपले तीन गट एकेका जागेवर बसलेले आहेत.

पायरेथ्रॉइड दाराला अडसर घालतं. उघडलेलं सोडियमचं दार वेळेवर मिटतच नाही. परमेथ्रिनसारख्या रेणूंमुळे दार थोडा वेळ जास्त उघडं राहतं आणि एका संदेशाच्या जागी संदेशांची सरबत्ती सुरू होते. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या रेणूंना एक सायनो गट जोडलेला असतो. त्यांच्यामुळे दार इतका वेळ उघडं राहतं की शेवटी तंतू थकून संदेश वाहणंच सोडून देतो. मधे काही रूपांतर व्हावं लागत नाही, रेणू पोहोचला की काम सुरू. म्हणून माशी मिनिटा-दोन मिनिटांत उताणी पडते आणि पाय झाडू लागते.

पण पडणं म्हणजे मरणं नव्हे. प्रयोगशाळेत मी काचेच्या बशीत माश्यांची मोजणी केली, तेव्हा अर्ध्या तासाने जवळजवळ सगळ्या उताण्या होत्या. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं तर त्यातल्या बऱ्याच काचेवर चालत होत्या. किडीच्या शरीरातली एन्झाइम्स पायरेथ्रॉइड मोडत राहतात. डोस थोडा कमी पडला, की दारं पुन्हा मिटू लागतात आणि कीड सावरते. तेव्हापासून पायरेथ्रॉइडचा निकाल मी चोवीस तासांआधी कधीच लिहीत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पायरेथ्रॉइड थंडीत जास्त चालतं. तापमान उतरलं की दार आणखी सावकाश मिटतं, शिवाय विष मोडणारी एन्झाइम्सही मंदावतात. भर उन्हातली फवारणी फिकी पडली आणि तीच संध्याकाळच्या गारव्यात चांगली लागली, तर त्यामागे हे कारण असू शकतं.

ऑर्गनोफॉस्फेट साफसफाई बंद पाडतं. ते असिटिलकोलीनएस्टरेजच्या कामाच्या जागी जाऊन पक्कं चिकटतं आणि सहजासहजी सुटत नाही. असिटिलकोलीन फटीत साचत जातं, रिसेप्टर पुन्हा पुन्हा पेटत राहतो, किडीला कंप सुटतो, मग लुळेपणा येतो. हे सगळं उशिरा दिसतं, आणि त्याचं कारण मजेचं नसून महत्त्वाचं आहे. मॅलॅथिऑन, क्लोरपायरिफॉस यांसारखे रेणू बाटलीत असतात तसे फारसे विषारी नसतात. त्यांच्यातल्या गंधकाच्या जागी ऑक्सिजन बसावा लागतो, आणि हे काम किडीच्या शरीरातलीच एन्झाइम्स करतात. म्हणजे विष तयार करतं ते किडीचं शरीरच. म्हणून यांचा परिणाम सहसा उबदार हवेत वाढतो, पायरेथ्रॉइडच्या बरोबर उलट.

यातून एक चूक हमखास होते. पायरेथ्रॉइडचा जोर वाढवायला पिपरोनिल ब्युटॉक्साइड मिसळतात, कारण ते विष मोडणारी एन्झाइम्स अडवतं. पण मॅलॅथिऑनसारख्या औषधाला विष बनवणारी एन्झाइम्स त्याच कुळातली असतात. त्याच मिश्रणात असं औषध घातलं, तर आपणच त्याचे हात बांधतो. उलट ऑर्गनोफॉस्फेट आणि पायरेथ्रॉइड यांच्या तयार मिश्रणाला मात्र शास्त्रीय आधार आहे: पायरेथ्रॉइडला मोडणारी किडीची एस्टरेज एन्झाइम्स ऑर्गनोफॉस्फेट अडवून धरतं.

माणसाच्या दृष्टीने ऑर्गनोफॉस्फेट हाच गट सगळ्यात धोक्याचा. किडीत असिटिलकोलीन मुख्यतः मध्यवर्ती चेतासंस्थेत काम करतं. आपल्यात ते स्नायू, लाळग्रंथी, श्वासनलिका, डोळ्याची बाहुली अशा कितीतरी ठिकाणी लागतं. एन्झाइम तर दोघांकडे आहे. फवारणाऱ्याच्या तोंडाला लाळ सुटली, घाम फुटला, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, छाती भरून आली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठायचा. ॲट्रोपीन आणि प्रॅलिडॉक्सिम ही औषधं आहेत, पण ती वेळेत मिळावी लागतात. मॅलॅथिऑन त्यातल्या त्यात सौम्य आहे, कारण आपल्या शरीरातली एन्झाइम्स ते लवकर फोडतात. तरी साठवणुकीत बिघडलेल्या मॅलॅथिऑनमध्ये आयसोमॅलॅथिऑन तयार होतं आणि ते नेमकी हीच एन्झाइम्स बंद पाडतं. १९७६ मध्ये पाकिस्तानातल्या मलेरिया मोहिमेत फवारणी कामगारांना मोठ्या प्रमाणावर विषबाधा झाली, ती यामुळेच. उन्हात पडलेला जुना साठा म्हणूनच वापरू नये.

निओनिकोटिनॉइड रिसेप्टरवर जाऊन बसतं. इमिडाक्लोप्रिड १९९१ मध्ये बाजारात आलं. हा रेणू असिटिलकोलीनचं सोंग घेतो आणि रिसेप्टर पेटवतो. फरक एवढाच की साफसफाईचं एन्झाइम त्याला तोडू शकत नाही. रेणूच्या एका टोकाला नायट्रो किंवा सायनो गट असतो. किडीच्या रिसेप्टरमध्ये त्या टोकाला धरून ठेवणारा धनभारित भाग आहे, आपल्या रिसेप्टरमध्ये तसा नाही. सस्तन प्राण्यांवर परिणाम कमी होतो तो मुख्यतः त्यामुळे.

शेतात याचं बळ वेगळंच आहे: ते आंतरप्रवाही आहे. पाण्यात विरघळतं, मुळांतून किंवा बियाण्यातून रोपात चढतं आणि रस शोषणाऱ्या किडीला रसातूनच मिळतं. पानाच्या मागे लपलेला मावा फवाऱ्यातून सुटेल, रसातून सुटत नाही. भिंगाखाली पाहिलं तर मावा लगेच मरत नाही. तो सोंड काढून घेतो, पानावर भरकटतो, खाणं थांबवतो. एक दिवसानंतर जिवंत दिसला म्हणून औषध फसलं, असं इथे समजू नये.

पण जे रसात जातं ते मकरंदात आणि परागातही जातं. इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन, थायामेथोक्झाम हे तिन्ही मधमाशीला नॅनोग्रॅममध्ये मारतात, म्हणूनच युरोपीय संघाने २०१८ मध्ये त्यांच्या उघड्यावरच्या वापरावर बंदी घातली. असिटामिप्रिड त्याच गटातलं असूनही मधमाशीला बरंच सौम्य आहे, कारण मधमाशीकडे ते मोडणारं एन्झाइम आहे. फुलोऱ्याच्या तोंडावर पहिल्या तिघांना हात लावू नये, हे माझं ठाम मत आहे. पायरेथ्रॉइडही मधमाशीला विषारीच असतं, त्यामुळे ‘मग ते मारू’ ही पळवाट चालत नाही.

आता हिरव्या माव्याचं उदाहरण घेऊ, शास्त्रीय नाव मायझस पर्सिकी. पीच, बटाटा, मिरची अशा पिकांवरचा हा मावा तिन्ही जागांवर बचाव शोधून बसला आहे, म्हणून निवड कशी करायची ते त्याच्याकडूनच शिकावं.

समजा पायरेथ्रॉइड फवारलं आणि तीन दिवसांनी मावा तसाच आहे. आधी फवारा पानाच्या मागे पोहोचला होता का, ते पाहायचं. पायरेथ्रॉइड स्पर्शजन्य आहे, ते पानातून पलीकडे जात नाही. खात्रीसाठी लेबलवरच्या प्रमाणाचं द्रावण करून त्यात पान बुडवायचं, सुकवायचं, त्यावर वीसेक मावे सोडायचे. दुसरं पान नुसत्या पाण्यात बुडवून तसंच ठेवायचं. चोवीस तासांनी औषधाच्या पानावरही बहुतेक मावे चालते-फिरते असतील, तर फवारणी चुकली नाही, माव्यात प्रतिकारशक्ती आली आहे.

ती दोन प्रकारची असू शकते. पहिल्या प्रकारात सोडियमच्या दारातलं एक अमिनो आम्ल बदलतं, १०१४ व्या जागी ल्युसीनऐवजी फेनिलॲलॅनिन येतं, आणि औषधाची पकड सैल पडते. दुसऱ्या प्रकारात ई-४ नावाच्या एस्टरेजच्या जनुकाच्या कित्येक प्रती तयार होतात. हे एन्झाइम माव्यात इतकं साठतं की विषाला चिकटून ते वाटेतच अडवतं. पायरेथ्रॉइडमध्ये पिपरोनिल ब्युटॉक्साइड मिसळून तीच चाचणी केली आणि मावा मेला, तर विष मोडलं जात होतं. काहीच फरक पडला नाही, तर दारातल्या बदलाची शंका बळावते.

निवड इथेच ठरते. फक्त दार बदललं असेल, तर ऑर्गनोफॉस्फेटला अडचण नाही, त्याचा घाव दुसऱ्या जागी आहे. पण ई-४ भरपूर असेल, तर जागा वेगळी असूनही ऑर्गनोफॉस्फेट फसतं, कारण हे एन्झाइम मुख्यतः त्यालाच गिळतं. अशा वेळी मी सरळ निओनिकोटिनॉइडकडे जातो. त्याच्यात एस्टर बंधच नाही, ई-४ ला धरायला काही मिळत नाही. हा गट माव्यावर वर्षानुवर्षं टिकला त्यामागे हेही एक कारण आहे.

तोही कायमचा टिकला नाही. दक्षिण फ्रान्समधल्या पीचच्या बागांत २००९ मध्ये गोळा केलेल्या माव्यात रिसेप्टरच्या ८१ व्या जागी आर्जिनिनऐवजी थ्रिओनिन सापडलं. पृष्ठवंशी प्राण्यांच्या रिसेप्टरमध्ये त्या जागी थ्रिओनिनच असतं. म्हणजे ज्या फरकामुळे औषध किडीला लागायचं आणि आपल्याला फारसं नाही, नेमका तोच फरक माव्याने पुसून टाकला.

लेबलवरच्या कृतिगटाच्या खुणेतून हे पटकन कळतं: ऑर्गनोफॉस्फेट १ बी, पायरेथ्रॉइड ३ ए, निओनिकोटिनॉइड ४ ए. १ ए असलेली कार्बामेट औषधं त्याच एन्झाइमवर बसतात, त्यामुळे १ बी वरून १ ए वर जाणं हा पुरता बदल मानू नका. आणि तिन्ही गट चालेनासे झालेला मावा समोर असेल, तर या तीन जागांच्या बाहेरचं औषध शोधायचं. उदाहरणार्थ स्पायरोटेट्रामॅट, २३ वा गट. ते चेतासंस्थेला हात न लावता किडीच्या शरीरातली चरबी बनण्याची क्रिया थांबवतं, त्यामुळे दारातला किंवा रिसेप्टरमधला बदल माव्याला तिथे उपयोगी पडत नाही. मात्र ते सावकाश चालतं आणि वाढत्या पिल्लांवर जास्त लागतं, म्हणून मोजणी आठवड्याने करा आणि मोठ्या माव्यांऐवजी पिल्लं किती उरली ते मोजा.