आत बसवलेला खिसा: दोन थंड्या वापरल्यानंतर

सोलापूरची थंडी ती केवढी, डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळपुरती. पण सिद्धेश्वर तलावाकडे फिरायला जाताना मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, किल्ल्या आणि चष्म्याचं घर ठेवायला खिसे हवेच होते. गेल्या वर्षी त्यांच्या बटणाच्या स्वेटरला दोन्ही बाजूंनी आत बसणारे खिसे विणले. आता दोन थंड्या झाल्यावर लिहिते आहे.

सुया आठ नंबरच्या, एका बाजूला ५२ टाके. अस्तर आधीच वेगळं विणून ठेवलं: २८ टाके, ३४ ओळी, शेवटची ओळ उलट. खालची बॉर्डर संपल्यावर स्वेटरच्याही ३४ ओळी विणल्या. पुढच्या सुलट ओळीत मधले २६ टाके दोऱ्यावर काढले आणि अस्तर मागे धरून त्याचे टाके विणात घेतले. अस्तराचे दोन टाके जास्त आहेत ते कोपऱ्यांसाठी. पहिला आणि शेवटचा टाका शेजारच्या टाक्याबरोबर जोडून विणायचा. बारा सुलट, एक जोडी, अस्तराचे २६, एक जोडी, बारा, म्हणजे परत ५२. जोडी घेतली नाही तर कोपऱ्यात भोक पडतं आणि बोट नेमकं तिथेच जातं.

खरी चूक मी खिशाच्या तोंडाशी केली. दोऱ्यावरचे २६ टाके आठ नंबरवरच उचलले, एक सुलट एक उलट अशा सहा ओळी घातल्या आणि सैल हातानं टाके बंद केले. दिसायला छान! पण गड्ड्याच्या जत्रेपर्यंत दोन्ही तोंडं लोंबायला लागली. मामा म्हणाले, "अगं, हा खिसा आहे की भाजीची पिशवी?"

सुदैवानं ही पट्टी मूळ विणापासून स्वतंत्र असते. बंद केलेल्या टोकाकडून सहा ओळी उसवल्या, स्वेटरला धक्काही लागला नाही. या वेळी बारा नंबरच्या सुया घेतल्या, शिवणीसाठी दोन्ही कडांना एकेक टाका वाढवला आणि बंद करतानाही सुलटावर सुलट, उलटावर उलट, त्याच बारीक सुईनं. नंतर पट्टीच्या कडा टाक्यांच्या एकाच उभ्या रांगेला शिवल्या. ही पट्टी या थंडीत जागची हलली नाही.

अस्तर शिवताना रांग चुकू नये म्हणून आधी स्वेटरच्या आतून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून चौकट आखून घेतली. सुई उलट टाक्याच्या उंचवट्याच्या फक्त अर्ध्या भागातून काढायची, दोरा ओढायचा नाही. डाव्या खिशाला मी ओढला होता. बाहेरून अजून बारीक सुरकुती दिसते, आणि ती उसवायचा मला कंटाळा आलाय.