आकृतीच्या परवानगीचं पत्र चिनीत: शब्दशः की चिनी साच्यात?

पुस्तकातली आकृती पुन्हा वापरू द्या, असं प्रकाशकाला विनवणारं इंग्रजी पत्र शब्दशः चिनीत नेलं, तर तारीख वरच राहते, पहिल्याच वाक्यात मागणी येते आणि ‘डिअर’ फारच लाडिक होतं. चिनी साच्यात आदरार्थी संबोधन, ‘आपल्याला नमस्कार’, मग स्वतःची ओळख आणि त्यानंतर विनंती येते. शेवटी ‘त्स-च’, पुढच्या ओळीत ‘चिंग-ली’, म्हणजे ‘सादर प्रणाम’ असा समारोप. सही आणि तारीख खाली उजवीकडे. माझा कौल या चिनी साच्यालाच.

हक्कांचं वाक्य मात्र शब्दशःच हवं. ‘छापील व इलेक्ट्रॉनिक, सर्व आवृत्त्यांसाठी’ यातलं ‘इलेक्ट्रॉनिक’ सौजन्याच्या भरात गळलं, तर ई-पुस्तकासाठी पुन्हा परवानगी मागावी लागते. आकृती क्रमांक, पान आणि पुस्तकाचं मूळ इंग्रजी नावही जसंच्या तसं ठेवावं. प्रकाशकाला आकृती त्यावरूनच शोधायची असते.